वकील नाही म्हणतो, पण का ते सांगत नाही

एखादी बाई कागदांची पिशवी घेऊन वकिलाकडे येते. फी द्यायची तयारी असते, काम अवघड नसते, वकील कोर्टात रोज दिसतो. तरी दोन दिवसांनी तिच्या हातात एक पत्र पडते की हे काम स्वीकारता येत नाही. पत्रात कारण नसते. विचारायला गेले तर वकील नम्रपणे तेच वाक्य पुन्हा म्हणतो. घरी येऊन ती तर्क करू लागते: केसमध्ये दम नसेल, समोरच्याने पैसे चारले असतील, नाहीतर वकिलाला फी कमी वाटली असेल.

बहुतेक वेळा यातले काहीच खरे नसते. असे पत्र हा वकिलीतला सर्वांत काळजीपूर्वक लिहावा लागणारा कागद आहे. त्याला दोन कामे एकदम करायची असतात. समोरच्या माणसाला वेळेवर आणि स्पष्ट नकार द्यायचा असतो, आणि दुसऱ्या कोणाचे तरी गुपित त्या नकारातूनही बाहेर पडू द्यायचे नसते.

## लाखनीतले एक उदाहरण

पुढचे उदाहरण कल्पित आहे, पण तालुक्याच्या कोर्टाभोवती ज्याचा वावर आहे त्याला ते ओळखीचे वाटेल.

लाखनी हे भंडारा आणि साकोलीच्या मधले, महामार्गावरचे तालुक्याचे गाव. तालुका धानाचा, त्यामुळे कज्जे बहुतेक जमिनीचे: बांधीचा हिस्सा, धुऱ्यावरून भांडण, वारसांची नोंद. वकील मोजके आणि कुटुंबे एकमेकांत गुंतलेली. तीन वर्षांपूर्वी एका शेतकरी कुटुंबातला थोरला मुलगा इथल्या एका वकिलाकडे सल्ल्यासाठी आला होता. वडील नुकतेच वारले होते. त्याने सातबारा दाखवला आणि वडिलांच्या हातचा एक कागदही दाखवला. त्यात एका गटातला काही भाग धाकट्या मुलीला द्यावा असे लिहिलेले होते. या कागदाचे कायद्यात वजन किती, हे त्याला जाणून घ्यायचे होते. वकिलाने सल्ला दिला, फी घेतली आणि मुलगा निघून गेला. दावा झाला नाही, वकीलपत्र झाले नाही, कोर्टाच्या कुठल्याही नोंदीत त्या भेटीचा उल्लेख नाही.

आता तीच धाकटी मुलगी त्याच वकिलासमोर बसली आहे. वारसांचा फेरफार मंजूर झाला आणि त्यात तिचे नाव आले नाही. त्याविरुद्ध तिला अपील करायचे आहे. भाऊ इथे कधी आला होता हे तिला माहीत नाही आणि तो कागद आहे हेही माहीत नाही.

## एका वकिलाची दोन बाजूंना ओढ

या परिस्थितीला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. शब्द जड असला तरी गोष्ट सोपी आहे. बहिणीचे काम मनापासून करायचे तर वकिलाने आपल्याला ठाऊक असलेली प्रत्येक उपयोगी गोष्ट तिच्यासाठी वापरली पाहिजे. भावाशी असलेले इमान राखायचे तर त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट त्याने कायम झाकून ठेवली पाहिजे. दोन्ही एकत्र जमत नाही.

यावर एक सोपा वाटणारा उपाय सुचवला जातो: वकिलाने तो कागद डोक्यातून काढून टाकावा आणि काम सुरू करावे. पण दुधाला विरजण लागले की दूध वेगळे काढता येत नाही. कागद एकदा पाहिलेला वकील बहिणीला पहिला प्रश्न विचारतानाच त्या माहितीच्या कलाने विचारतो. विचारला तर भावाचे गुपित वापरले गेले, आणि मुद्दाम टाळला तर बहिणीचे नुकसान झाले.

नियमही याच बाजूचे आहेत. अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली भारतीय वकील परिषदेने, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाने, वकिलांच्या वर्तनाचे नियम केले आहेत. त्यातला ३३वा नियम सांगतो की ज्या वकिलाने एखाद्या प्रकरणात एका पक्षाला दावा-अपिलाबाबत सल्ला दिला, त्याच्यासाठी मसुदा लिहिला किंवा त्याच्या वतीने काम केले, त्याने विरुद्ध पक्षाचे काम करू नये. नियमात ‘कधीही’ असा शब्द आहे. तीन वर्षे उलटली किंवा वकीलपत्र झाले नव्हते, म्हणून वकील मोकळा होत नाही.

चंद्रशेखर सोनी विरुद्ध राजस्थान वकील परिषद या प्रकरणात बाजू बदलणाऱ्या वकिलाला हे चांगलेच भोवले. त्याच्यावर तीन वर्षे वकिली करण्यास बंदी आली होती. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत एक वर्षावर आणली, पण दोष कायम ठेवला.

## गुपित कोणाचे?

अशील वकिलाला जे सांगतो ते वकिलाचे होत नाही. ती ठेव असते. किल्ली वकिलाच्या खिशात असली तरी पेटी अशिलाची असते, आणि ती उघडायची परवानगी फक्त अशीलच देऊ शकतो. हे तत्त्व पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. अशिलाने सांगितलेले बोलणे, त्याने दाखवलेल्या कागदातला मजकूर आणि वकिलाने दिलेला सल्ला, हे तिन्ही त्यात येतात. काम संपल्यावरही बंधन संपत नाही. वकिलाच्या मुन्शीलाही ते लागू आहे, आणि ही गोष्ट लहान गावात विशेष महत्त्वाची, कारण कोण कधी आले हे मुन्शीलाच सर्वांत नीट आठवते.

या संरक्षणाला मर्यादा आहे. बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी वकिलाशी केलेले बोलणे त्यात बसत नाही. काम सुरू झाल्यानंतर घडलेला आणि वकिलाच्या लक्षात आलेला गुन्हा किंवा फसवणूकही नाही. पण भावाने फक्त कागद दाखवून सल्ला विचारला होता. त्यात बेकायदा काही नाही, म्हणून गुपित पूर्ण शाबूत आहे.

इथे वाचकाला अन्याय झाल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. वडिलांची इच्छा ज्या कागदावर आहे तो एका माणसाने पाहिला आहे आणि तोच माणूस गप्प बसतो. पण कायद्याने कागद लपवायची मुभा कोणालाही दिलेली नाही. पुढे वाटणीचा दावा झाला तर बहिणीचा नवा वकील, ‘वडिलांचे लेखी काही ताब्यात आहे का, असल्यास हजर करा,’ अशी मागणी न्यायालयामार्फत भावाकडे करू शकतो, आणि तेव्हा भावाला खरे सांगावे लागते. बंद असते ते फक्त एक दार, त्याच्या स्वतःच्या वकिलाचे तोंड. ते दार उघडे राहिले असते तर भाऊ कागद घेऊन सल्ल्याला आलाच नसता.

## दोन नियमांमधला पेच

नकाराचे पत्र अवघड का होते, हे समजायला आणखी दोन नियम शेजारी ठेवून पाहावे लागतात.

नियम ११ म्हणतो की आपल्या दर्जाला आणि कामाला साजेशी फी मिळत असेल तर वकिलाने आलेले काम घेतले पाहिजे; विशेष परिस्थितीतच नकार समर्थनीय ठरतो. ‘मन नाही’ हे कारण चालत नाही. २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अमुक आरोपींचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे वकील संघांचे ठराव बेकायदा ठरवले, त्यामागे हाच विचार होता. म्हणजे नकाराला कारण हवे.

नियम १४ सांगतो की काम घेताना वकिलाने पक्षांशी असलेला आपला संबंध अशिलाला पूर्ण आणि मोकळेपणाने सांगावा. म्हणजे बहिणीचे काम घ्यायचे तर ‘तुमचा भाऊ माझ्याकडे येऊन गेला आहे’ हे तिला सांगणे भाग आहे. पण कलम १३२ आणि त्याच्या जोडीचा नियम १७ नेमके तेच सांगू देत नाहीत.

वकील सांगू शकत नाही आणि न सांगता काम घेऊ शकत नाही. या कोंडीतून एकच वाट राहते: काम न घेणे. हीच नियम ११ मधली विशेष परिस्थिती. वकिलाला कारण असते आणि ते भक्कम असते, पण ते उच्चारता येत नाही.

## दारातल्या चपला

मसुदा लिहिताना बहुतेक चुका इथेच होतात. गुपित म्हणजे कागदातला मजकूर, एवढेच वकील धरून चालतो आणि पत्रात लिहितो: ‘आपल्या भावाने यापूर्वी माझा सल्ला घेतला असल्यामुळे मी आपले काम घेऊ शकत नाही.’ कागदाचा उल्लेख नाही, मग बिघडले काय?

घरात पाहुणा आहे हे कोणाला सांगायचे नाही, म्हणून तोंड बंद ठेवले, पण चपला दारातच राहिल्या, तसे हे होते. भाऊ आला होता हीच बातमी आहे. बहीण विचार करते: वडील गेल्या गेल्या त्याला वकील कशाला लागला? त्याला कशाची भीती होती? संध्याकाळपर्यंत प्रश्न भावाच्या ओसरीवर पोचतो.

थोडा सावध वकील नाव गाळतो: ‘विरुद्ध पक्षाशी असलेल्या पूर्वीच्या व्यावसायिक संबंधामुळे…’ मुंबईत समोर दहा-बारा कंपन्या असलेल्या प्रकरणात असे वाक्य कदाचित खपेल. लाखनीच्या या प्रकरणात विरुद्ध पक्ष एकच आहे. नाव न लिहिताही ते लिहिले गेले. ‘हितसंबंधांच्या संघर्षामुळे’ एवढाच शब्दप्रयोग केला तरी तर्काला फार जागा उरत नाही.

मग सुटका कशात? सुटका आहे ती सगळ्या नकारांना एकच वाक्य वापरण्यात. वकिलाला काम नाकारावे लागते त्या कारणांपैकी संघर्ष हे एक. दुसरे म्हणजे त्या प्रकरणात तो स्वतः साक्षीदार ठरण्याची शक्यता असणे. तिसरे, संबंधित न्यायाधीश त्याचा जवळचा नातेवाईक असणे. या सगळ्यांसाठी पत्रात ‘व्यावसायिक आचारनियमांमुळे’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याला कोणते कारण लागू आहे हे ओळखता येत नाही. मात्र ही शिस्त नेहमी पाळावी लागते. जो वकील एरवी तोंडी नकार देतो आणि फक्त संघर्ष असला की हे वाक्य लिहितो, त्याच्या पत्राचा अर्थ महिन्याभरात सगळ्या बार रूमला कळतो.

पत्र स्वच्छ आहे की नाही हे तपासायचे तर ते गावातल्या अशा माणसाच्या डोळ्यांनी वाचावे ज्याला त्या घराची सगळी नाती ठाऊक आहेत. पत्रावरून त्याला दुसरे नाव सुचत असेल तर पत्र पुन्हा लिहावे.

## खोट्या कारणाचे नुकसान

कारण सांगता येत नाही, म्हणून काही जण निरुपद्रवी वाटणारी थाप मारतात: ‘सध्या कामाचा ताण आहे.’ बहीण म्हणते, ‘हरकत नाही साहेब, धान निघाल्यावर येते.’ ती चिडत नाही, संशय घेत नाही, वाट पाहते. आणि इथेच घात होतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपील करायला ६० दिवसांची मुदत असते. बहीण आली तेव्हा त्यातले ४७ दिवस गेले होते असे धरू. उरलेले १३ दिवस थापेवर विसंबून गेले, तर तिला आधी उशीर माफ करण्याची विनंती करावी लागते आणि उशिराचे कारण अधिकाऱ्याला पटवावे लागते. ‘वकील साहेब मोकळे व्हायची वाट पाहत होते’ हे कारण फारसे वजनदार नाही.

म्हणून नकार अंतिम आहे हे पत्रात स्वच्छ लिहावे लागते आणि मुदतीचा इशाराही द्यावा लागतो. तो किती द्यायचा हा नाजूक प्रश्न आहे. ‘आपली मुदत अमुक तारखेला संपते’ असे लिहिणे म्हणजे आदेशाची तारीख, तो कळल्याची तारीख आणि लागू कलम यांचा हिशेब करून सल्ला देणे. हिशेब चुकला तर तिचे नुकसान, बरोबर आला तर भावाच्या विरुद्ध पक्षाला दिलेला सल्ला. ‘अशा प्रकरणांना दिवसांत मोजली जाणारी मुदत असते, आजच दुसऱ्या वकिलांना भेटा,’ एवढे सर्वसाधारण वाक्य दोन्ही धोके टाळते आणि तिला जागे करते.

## पत्राचा मसुदा

या सगळ्यातून गाळून उरते ते पत्र छोटे असते:

> श्रीमती ________ यांस,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> आपण दिनांक ________ रोजी माझ्या कार्यालयात येऊन एका कामासाठी माझी नेमणूक करण्याची इच्छा व्यक्त केली. वकिलांना लागू असलेल्या व्यावसायिक आचारनियमांमुळे हे काम मला स्वीकारता येत नाही. याविषयी अधिक तपशील मला देता येणार नाही. या नकाराचा आपल्या प्रकरणाच्या बऱ्या-वाईटाशी काही संबंध नाही. हा निर्णय अंतिम आहे. मी आपले वकीलपत्र घेतलेले नाही आणि आपल्याला कोणताही सल्ला दिलेला नाही.
>
> अशा कामांना कायद्याने ठरवलेली मुदत असते व ती दिवसांत मोजली जाते. तरी आपण विनाविलंब दुसऱ्या वकिलांना भेटावे. तालुका विधी सेवा समितीकडेही आपण अर्ज करू शकता.
>
> आपले कागद खालील यादीप्रमाणे परत करत आहे. त्यांच्या प्रती ठेवलेल्या नाहीत. आपण सांगितलेली माहिती माझ्याकडे गोपनीय राहील.
>
> आपला,
> अधिवक्ता, लाखनी

भाऊ, जमीन, फेरफार यांपैकी एकही शब्द पत्रात नाही. ‘एका कामासाठी’ असे मोघम लिहिले आहे ते बहिणीच्या भल्यासाठी, कारण पत्र तिच्या घरात दुसऱ्याच्या हाती पडू शकते. याच कारणाने ते माहेरच्या पत्त्यावर पाठवू नये आणि सगळे घर पाहते त्या फोनवरही टाकू नये. बंद पाकिटात तिच्या हाती द्यावे आणि कार्यालयीन प्रतीवर पोच म्हणून सही घ्यावी.

बऱ्या-वाईटाचे वाक्य वगळले तर लेख सुरू झाला त्या तर्कांना तोंड फुटते. केसमध्ये दम नाही असे समजून बाई अपील सोडून देण्याची शक्यता खरी आहे. विधी सेवा समितीचा उल्लेखही शिष्टाचारापुरता नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो. स्वतःच्या कनिष्ठाचे किंवा एकाच खोलीत बसणाऱ्या सहकाऱ्याचे नाव मात्र सुचवू नये. कपाट एक, मुन्शी एक, तिथे माहितीही एकच.

मोठ्या संस्थाही यात अडकतात. ब्रुनेईचे राजपुत्र जेफ्री बोल्किया यांचे काम केलेल्या केपीएमजी या हिशेबनीस संस्थेने नंतर त्यांच्याविरुद्धच्या चौकशीत काम घेतले आणि आपल्या कर्मचाऱ्यांमध्ये माहितीची भिंत उभारल्याचे सांगितले. १९९८ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ती भिंत पुरेशी मानली नाही. शेकडो माणसे आणि वेगवेगळे मजले असलेल्या संस्थेची ही गत, तर तालुक्याच्या एका खोलीत भिंतीचा दावा कोणी करूच नये.

## आधी नावे, मग हकीकत

आणखी एक गुपित या गोष्टीत शिरले आहे: बहिणीचे. ती जे सांगून बसली तेही आता ठेव आहे. भाऊ रस्त्यात भेटला तर ‘तुझी बहीण अपील करते आहे’ असे वकिलाने सूचित करणेसुद्धा चालत नाही.

हा दुसरा पेच टाळण्याचा उपाय पहिल्या पाच मिनिटांत असतो. जाणता वकील पिशवी उघडू देत नाही. तो आधी विचारतो: गाव कोणते, गट क्रमांक कोणता, समोर कोण कोण. लाखनीसारख्या ठिकाणी फक्त आडनावावरून काही कळत नाही, एकाच गावात त्याच आडनावाची कितीतरी घरे असतात. गट क्रमांक आणि वडिलांचे नाव जुन्या नोंदवहीशी ताडून पाहावे लागते, आणि त्या नोंदवहीत फक्त दाखल झालेले दावे नव्हे, तर नुसता सल्ला घेऊन गेलेले लोकही हवेत. आपल्या उदाहरणातला भाऊ वकीलपत्राच्या यादीत सापडला नसता. तपासणी होईपर्यंत ‘बाकी हकीकत उद्या ऐकतो’ एवढेच सांगायचे.

बहिणीने फक्त गाव, गट आणि नाव सांगितले आणि वकिलाने तिथेच थांबवले, तर उद्या अपिलाची नोटीस घेऊन भाऊ आला तेव्हा त्याचे काम करायला वकील बहुधा मोकळा असतो. पण ती तासभर बोलली असेल, आपल्या बाजूचे कच्चे दुवेही सांगून बसली असेल, तर त्या माहितीनिशी तिच्याविरुद्ध उभे राहणे हा तिच्या विश्वासाचा गैरवापर ठरू शकतो. मग भाऊ जुना अशील असला तरी त्याच्यासाठीही तोच मसुदा काढावा लागतो, तारीख आणि नाव तेवढे बदलून.